अर्ध्या शूटिंगात रंगवलेली भिंत

मुंबईहून आलेली एक अख्खी टीव्ही मालिका मी एका दुपारीत बंद पाडत आणली. सामान फक्त एक बादली चुना आणि एक कुंचला.

मुद्दाम नाही हो! माझ्या हातून आजवर जे जे बिघडलं ते चांगल्या मनानेच बिघडलं, हे आमच्या गावात कुणीही सांगेल. (सांगताना हसेल, तो भाग वेगळा.)

साल ऐंशीच्या पुढचं. देवगडापासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात प्रधान नावाचे दिग्दर्शक जीपमधून उतरले. म्हणाले, "लोक बंगले आणि जिने बघून कंटाळलेत. आम्हाला खरं गाव दाखवायचंय. साधी माणसं, साधी भांडणं." नमुन्याचा पहिला भाग करून दाखवायचा. तो पसंत पडला तर पुढचे बारा भाग, नाहीतर सगळे घरी!

शेजारचा दाजी धावत आला. त्याने नुकतंच स्लॅबचं घर बांधलेलं. "साहेबांनू, माझ्याकडे चला! जमनीक मोझाइक आसा!"

"म्हणूनच नको," साहेब म्हणाले आणि माझ्या पडवीसमोर उभे राहिले. "ही भिंत बघा! हे पावसाचे ओघळ, हे शेवाळ! सोनं आहे, सोनं!"

दाजी पोट धरून हसला. "आबा, तुझा शेवाळ आता देशभर दिसतला रे!"

ते मला लागलं. आमच्याकडे पाहुणा यायचा तर आधी भिंतीला शिंपल्यांचा चुना आणि अंगणाला शेणाचं सारवण. हा माझ्या आजापासूनचा रिवाज! आणि इथे सगळा देश पाहुणा म्हणून येणार, तो माझं शेवाळ बघणार?

पहिल्या दिवशी सकाळी शूटिंग झालं. प्रसंग असा की, घरधनी आणि त्याची बायको फणसावरून भांडतात, आणि मी पायरीवर सुपारी कातरत बसलेला असतो. (शाळा दुसरीत सोडली, पण पडद्यावर गेलो! दाजी मॅट्रिक, तो कुंपणाबाहेर.) मुंबईचा नट एकच वाक्य दहा वेळा बोलला. कॅमेऱ्यातून जाड वायर निघून टेप फिरणाऱ्या पेटीत गेलेली. दोन पोरगे चंदेरी कागद लावलेले फळे धरून ऊन नटाच्या तोंडावर फेकत होते. एकाच्या हातात लांब काठी, काठीला माइक. कोंबडी ओरडली की, "कट!" आधी सगळा प्रसंग लांबून घेतला. एकेकाचं तोंड जवळून घ्यायचं ते उद्या, म्हणाले. शेवटी नीलाबाई नावाच्या मुलीने लगेच छापून निघणारे फोटो काढले: भिंतीचा, पायरीचा, माझा. सगळं वहीत उतरवून घेतलं.

साहेब निघताना बजावून गेले, "आबा, इथलं काहीही हलवायचं नाही हं!"

मंडळी बंदरावर होड्यांचं शूटिंग करायला गेली. आणि मी काहीही हलवलं नाही. फक्त रंगवलं! दोन हात मारले. मग तीन दिवसांची दाढी काढली आणि मुलीच्या लग्नातला कोट उन्हात टाकला.

दुसऱ्या सकाळी जीप आली. भिंत अशी चकाकत होती की कॅमेरावाल्याने डोळ्यांवर हात घेतला. मी कोट घालून पायरीवर बसलेला. सगळे भिंतीकडे बघतच राहिले. मला वाटलं, भारावले!

साहेब मटकन खाली बसले. नीलाबाईने कालचा फोटो माझ्या नाकासमोर धरला. "आबा, हे दोन्ही तुकडे जोडून दाखवायचेत! नट तोंड उघडणार काळ्या भिंतीसमोर, आणि वाक्य संपवणार पांढऱ्या भिंतीसमोर? आणि तुमची दाढी गेली कुठे?"

"मगे कालचा परत घेवा," मी म्हणालो.

"नटाला दुपारी निघायचंय. उद्या मुंबईत नाटक आहे त्याचं!"

मग भिंत मळवायची धडपड. चहाचं पाणी फासलं, तर ओला चुना ते पिऊन टाकी. चिखल मारला, तर भिंत म्हैस घासून गेल्यासारखी दिसायला लागली. कुंपणावर दाजी बसूनच होता. "साहेब, माझी भिंत तयार आसा हां! कालय तीच, आजय तीच!"

साहेबांनी त्याच्या घराकडे एकदा बघितलं. मेलो! माझं घर टीव्हीवर दिसणार हे मी देवगडच्या बाजारापर्यंत सांगून बसलेलो!

तेवढ्यात गोठ्यातून आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, बाहेर आली. तिने भिंत बघितली, चिखल बघितला आणि तोंड उघडलं.

"तुमका कोणी सांगलेला हो शानपणा? शिमग्याक सांगलंय भिंत रंगवा, तेव्हा कंबार दुखत होती! आता बरी उठली ती? आणि ह्यो कोट? कोणाचा लगीन आसा?"

साहेब ताडकन उठले. "कट नको! म्हणजे, सुरूच नाही अजून! नीला, लिही. कालचं लांबूनचं जेवढं झालंय तेवढं ठेवायचं. मग झाडावरचा कावळा दाखवायचा. कावळ्यानंतर नवी भिंत! म्हाताऱ्याने मध्येच रंगवली, आणि बायको झाडते आहे. वहिनी, आता तसंच परत बोला."

"परत कित्याक? एकदा सांगल्यार कळना नाय?"

बोलली मात्र. तीन वेळा बोलली आणि दर वेळी वेगळं! दुसऱ्या वेळी मी विकलेली गाय निघाली, तिसऱ्या वेळी माझ्या बहिणीचं लग्न. नीलाबाई रडकुंडीला. "काकू, मघाशी गाय नव्हती हो!"

"मघाशी याद नाय इली!"

साहेबांनी मला एकच वाक्य दिलं होतं. सगळं ऐकून शेवटी मी म्हणायचं, "चुकलंय." बस.

आता हे वाक्य मी पंचवीस वर्षांच्या संसारात म्हटलं नव्हतं. ते कुंपणाभोवती जमलेल्या सगळ्या गावासमोर, दाजीसमोर म्हणायचं? पहिल्या वेळी खोकलो. दुसऱ्या वेळी सुपारी अडकली. तिसऱ्या वेळी सुपारीच कातरत राहिलो. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

"आबा, शेवटची वेळ," साहेबांनी हात जोडले. "एवढा एक शब्द. नाहीतर मालिका गेली."

कॅमेरा सुरू झाला. ती कडाडली. संपली. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. शब्द माझ्या जिभेवर आला, आणि तिथेच बसला! मी उठलो, कोटाच्या बाह्या सरसावल्या, कुंचला बुचकळला आणि चिखलावरून फर्रकन पांढरा पट्टा ओढला.

"बरी दिसता!" मी म्हणालो.

ती कपाळावर हात मारून हसत सुटली. कुंपणावरचा दाजीसुद्धा हसला, आणि हसता हसता आत, माझ्या अंगणात पडला! कॅमेरावाल्याचे खांदे हलत होते, पण कॅमेरा हलला नाही. "ओके!" साहेब इतक्या मोठ्याने ओरडले की कोंबड्या माडाखाली पळाल्या.

नमुन्याचा भाग पसंत पडला. पुढचे बाराही झाले, सगळे माझ्याच पडवीत! पहिला भाग लागला तेव्हा शाळेच्या टीव्हीसमोर सगळं गाव, आणि पोफळीला बांधलेला अँटेना धरून ठेवायला खुद्द दाजी. चुन्याच्या प्रसंगाला असा हशा उठला की पुढचे दोन संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत.

साहेब मुद्दाम आले होते. सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आबा, हट्टी म्हातारा इतका खरा मी आजवर कुणी केलेला बघितला नाही! तयारी कशी केलीत?"

मी छाती काढून सांगायला उठलो.

"पंचवीस वर्सां तालीम चल्ली हा," मागून आमची मंडळी म्हणाली, "रोज, माझ्यासमोर!"

गाव पुन्हा हसलं. मी खाली बसलो. त्या प्रसंगात मला संवाद नव्हता.