चोवीस पावलांचं गाणं

आमच्या मामाच्या गाण्याशिवाय बंगळूरात गणपती उंबरा ओलांडतच नाही, अशी आम्हा पोरांची पक्की समजूत होती. ती करून दिलेली अर्थात मामानेच! दरवर्षी नवं स्वागतगीत, आणि त्यासाठी श्रावणभर आमचा छळ. फाटकापासून पाटापर्यंत चोवीस पावलं. एका टाळीला एक पाऊल, ओळीला दोन टाळ्या, म्हणून बारा ओळी. मूर्तीऐवजी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या हातात देऊन तो मला अंगणात चालवी. पाणी सांडलं की ओळ बाद! ओळ ‘आ’वर संपायला हवी, पोरांचं तोंड उघडं राहतं. जोडाक्षर नको, जीभ अडते. घरात आम्ही निम्मं कन्नड बोलायचो, पण गाण्यात एक कन्नड शब्द आला तर मामा जेवायचा नाही. आणि मूर्ती टेकेपर्यंत गाणं थांबणं म्हणजे महापाप.

त्या वर्षी बाबा विषमज्वरातून नुकते उठले होते. तरी मूर्ती मीच आणणार, म्हणून हटून बसले. आई रडकुंडीला आली. “अक्का, भाऊजींना आणू दे,” मामा म्हणाला, “गाणं आहे ना!” गाण्याने काय पाय चालतात, कप्पाळ!

फाटकातून बाबा आत आले, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आमच्या हातात झांजा. “या हो या हो गणराया, पाट मांडला बसाया!” सहाव्या ओळीला, बाराव्या पावलावर, बाबा थांबले. गुडघे लटलटत होते, मूर्ती हलत होती. हात लावायला कुणी धावलं की ते डोळ्यांनीच नको म्हणत. आमचं गाणं मात्र टाळीमागून टाळी पुढेच गेलं. बारावी ओळही झाली. गाणं संपलं, बाबा तिथेच!

एक कडवं लिहायला तीन आठवडे घेणारा मामा, घामाने निथळत, निम्म्या लयीत गाऊ लागला:

“हळू हळू या देवा,
घाई नाही कुणाला;
स्वल्प थांबा गणराया,
आम्ही आहो साथीला.”

‘स्वल्प’, म्हणजे कन्नडातलं ‘थोडं’! जोडाक्षर! आणि कन्नड! तरी आम्ही मागोमाग म्हणालो. बाबांनी श्वास घेतला. एका टाळीला पाऊल, दोन टाळ्या विसावा. पाच वेळा ते कडवं झालं, तेव्हा कुठे उंबरा आला. आईने पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. मूर्ती पाटावर टेकली आणि बाबा भिंतीला टेकले.

“छान झालं रे,” बाबा म्हणाले.

“छे! मीटर गेलं,” असं पुटपुटत मामा परसात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. त्या कडव्याचा विषय काढला की तो चिडे. “तसलं मी लिहीत नसतो!”

पुढे मामा वारल्यावर मी त्याची वही उघडली. त्या सालच्या बारा ओळींखाली पेन्सिलीने तेच कडवं होतं. ‘स्वल्प’ खोडून ‘थोडे’ केलेलं, आणि ‘थोडे’ खोडून पुन्हा ‘स्वल्प’. आता मूर्ती मी आणतो. माझे पाय अजून धड आहेत, तरी बाराव्या पावलाला मी थांबतो. पोरं ते कडवं म्हणेपर्यंत मला पुढे जाववत नाही.