दोन टोकं आणि एक स्पर्शिका

न्यूमरिकल मेथड्सच्या ओरलमध्ये माझी मैत्रीण एकदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा राहिली असती तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नसता. वडिलांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की एक वर्ष वाया गेलं तर गावी, देवगाव रंगारीला परत यायचं. ती डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. शहराच्या कडेला, पडेगावच्या बाजूला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ओरलच्या आधीच्या रविवारी दुपारी तिने वही माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "मॅडम, आता तुम्हीच शिकवा."

मला शिकवता येत नाही. वर्गात मी हातही वर करत नसे. मार्क चांगले पडत, म्हणून सगळ्यांना वाटायचं की मला समजतं. शिवाय हे सगळं मी इंग्रजीत पाठ केलेलं. मराठीत सांगायला तोंड उघडलं की वाक्य अर्ध्यावरच अडायचं.

उदाहरण होतं x³ − x − 4 = 0. कोणता x घातला की डावी बाजू शून्य होते, ते शोधायचं. एक घातला तर उत्तर −4, दोन घातले तर +2. चिन्ह बदललं, म्हणजे आलेखाने मध्येच कुठेतरी शून्याची रेघ ओलांडली. उत्तर एक आणि दोनच्या दरम्यान आहे. बायसेक्शनमध्ये मधला आकडा घ्यायचा आणि अर्धा भाग टाकून द्यायचा, पुन्हा मधला, पुन्हा अर्धा.

तिने केलं. 1.5 ला −2.125 आलं. 1.75 ला −0.39. इथपर्यंत बरोबर. मग 1.875, मग 1.9375, आणि असंच करत करत तिची गाडी 2 वर जाऊन थांबली. उत्तर दोन. मी म्हटलं, दोन घातले की +2 येतं हे तूच वर लिहिलंयस, मग दोन हे उत्तर कसं असेल? तिने पान खोडलं आणि पुन्हा तेच केलं. पुन्हा दोन.

मी वैतागले. तिच्यावर, त्या खोलीतल्या उकाड्यावर, माझ्या अडखळणाऱ्या वाक्यांवर. सूत्र तिला पाठ होतं, कॅल्क्युलेटर नीट चालत होता, बेरजा-वजाबाक्या बरोबर होत्या. तीच पायरी मी तीनदा समजावली, दर वेळी तेच शब्द जरा मोठ्या आवाजात. शेवटी तिने वही मिटली. "तू मला ओरडू नको. सरांनी फळ्यावर जसं केलं तसंच करते मी."

तेव्हा मी वहीत उतरवलेली सरांची पायरी काढून बघितली. सर फळ्यावर दोनच फेऱ्या करत आणि पुढे 'असेच चालू ठेवा' म्हणत. त्यांच्या दोन्ही फेऱ्यांत डावं टोक पुढे सरकलेलं होतं. तिने त्यातून नियम काढला होता: मधला आकडा आला की तो डावीकडे लिहायचा. 1.875 ला उत्तर +0.717 येतं, म्हणजे आता उजवं टोक आत यायला हवं. तिने तेही डावीकडे लिहिलं. मग दोन्ही टोकांना अधिक चिन्हच राहिलं आणि उत्तर मागे सुटून गेलं.

चूक सापडली, पण मला काही आनंद झाला नाही. कारण तिने लगेच विचारलं, "मग कोणतं टोक हलवायचं ते कोण ठरवतं?" आणि मी म्हटलं, चिन्ह. "का?" तर मला सांगता येईना. मी चिन्हं बघत होते, कारण तसं पाठ केलं होतं.

मग ती म्हणाली, शेतात पाइपात कचरा अडकला की तिचे वडील मधला जोड उघडतात. जोडात पाणी आलं तर कचरा पुढच्या बाजूला, नाय आलं तर मागच्या. "म्हणजे एका टोकाला पाणी पाहिजे अन् एका टोकाला कोरडं. दोन्हीकडं कोरडंच असलं तर मधी काय शोधायचं, व्हय ना?" मी व्हय म्हटलं. मग तिने 1.75 आणि 1.875 घेतले, मध्ये 1.8125 काढला, तिथे +0.142 आलं आणि या वेळी उजवं टोक आत ओढलं. मला काही सांगावं लागलं नाही.

न्यूटनच्या पद्धतीत टोकं नसतात, एकच आकडा असतो. वक्रावर त्या ठिकाणी पट्टी टेकवायची, उताराच्या दिशेने, हीच स्पर्शिका, आणि ती शून्याच्या रेघेला जिथे लागेल तो पुढचा आकडा. उतार 3x² − 1. दोनपासून निघालं तर 2/11 वजा होतात आणि 1.8182 मिळतो, मग 1.7966, मग 1.7963. तिला ते लई आवडलं. "हे फास्ट आहे. मग ते बायसेक्शनचं मढं कशाला?" मी म्हटलं, सिलॅबसमध्ये आहे म्हणून.

ओरलला बाहेरचे परीक्षक होते. फळ्याजवळ बोलवून प्रत्येकाकडून हाताने फेऱ्या करून घेत होते. नेमकं तेच समीकरण तिला मिळालं. परीक्षक म्हणाले, न्यूटन कर, शून्यापासून सुरू कर.

मी बाकावर बसून तिचा खडू बघत होते. शून्याला उत्तर −4, उतार −1. पुढचा आकडा −4. मग −2.64, −1.65, −0.69. इथे उतार जेमतेम 0.43 उरला, पट्टी जवळजवळ आडवी झाली, आणि पुढचा आकडा एकदम 7.78 आला. परीक्षक हसले. उत्तर 1.79 च्या आसपास आहे, तू कुठे फिरतेस, म्हणाले. वर्गातली दोन-तीन मुलंही हसली. तिचे सगळे आकडे बरोबर होते. मी ते मांडीवरच्या कागदावर ताडून बघितले होते. मी उभी राहिले. "सर, कॅल्क्युलेशन बरोबर आहे," एवढंच म्हणाले, तेही बहुधा फक्त पहिल्या बाकापर्यंत पोचलं. तुझा नंबर आला की बोल, असं उत्तर मिळालं.

तिने फळा पुसला नाही. बाजूला 1 आणि 2 लिहिले, खाली −4 आणि +2. "सर, शून्याला उतार उलट्या दिशेला आहे, म्हणून ते दूर पळालं. उत्तर इथं कोंडलेलं आहे. आधी अर्धं अर्धं करून जवळ जाते, मग न्यूटन लावते." दोनदा अर्धं केलं, 1.75 आला, तिथून न्यूटनची एकच फेरी: 1.7977. पुढची फेरी करू का, असं तिने विचारलं. परीक्षक म्हणाले, नको, मी सांगितलेली पद्धत तुला जमली नाही. आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

माझा नंबर आला. मला त्यांनी खडू दिलाच नाही. न्यूटनच्या पद्धतीची ऑर्डर ऑफ कन्व्हर्जन्स, म्हणजे ती किती वेगाने उत्तराजवळ जाते, ते विचारलं. मी इंग्रजीत दोन म्हटलं आणि व्याख्या घडाघड म्हणून दाखवली. व्हेरी गुड, ते म्हणाले.

निकाल लागला तेव्हा ती काठावर पास होती, मला पैकीच्या पैकी. तिने घरी फोन करून सांगितलं की तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचाय. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, मार्क पुन्हा बघावेत म्हणून आपण अर्ज करू, तुझं सगळं बरोबर होतं.

"बरोबर होतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "आता त्यांना कुठं समजावत बसू."