पाणी कोक आहे

बिश्केकच्या बाजारात सागिनबेकचं पाळायच्या माशांचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याची जीभ मोठी होती. आजारी माशाचा फोटो कोणी फोनवरच्या गटात टाकला की हा म्हणायचा, "फोटो खोटं बोलतो रे. माणसाला बोलतं करा, आजार आपोआप कळतो." बहुतेक वेळा त्याचं खरं ठरायचं, म्हणून तर तो इतका चढून बसला होता.

डोंगरातल्या नारिनच्या बुरुलने त्या दिवशी आपल्या माशाचा फोटो टाकला. काळा-तांबडा, दीड वीत लांब मासा, नाव तोरो. पण काचेत तिचंच प्रतिबिंब पडलेलं, घरातल्या मळक्या झग्यात, डोकं उघडं. गटातल्या टवाळांना तेवढंच हवं होतं. "यातला मासा कुठला आणि मावशी कुठली?" एकाने लिहिलं, आणि मग सगळेच सुटले. मासा बघायला वेळ नव्हता कोणाला, पाणी बघायलाही नव्हता. बिचारीने फोटो काढून टाकला. सागिनबेकने तो पाहिलाच नव्हता. तिने त्याला एकट्याला फोन केला. तिकडच्या रीतीने ती त्याला बाइके म्हणजे दादा म्हणाली, तो तिला करिंदाश, म्हणजे धाकटी बहीण.

"बाइके, फोटो पुन्हा नाही टाकायची मी. लाज काढली मेल्यांनी."

"नको टाकूस, करिंदाश. तू सांग, मी ऐकतो. रंग कसाय त्याचा?"

"काळवंडलाय. तांबडे पट्टे दिसेनासे झालेत."

"अंगावर काही?"

"पांढरे ठिपके. रवा सांडल्यासारखे. शेपटीवर जास्त. दगडाला अंग घासतो, मग वर येऊन नुसता आ वासतो."

"कल्ल्यांत शिरलेत ठिपके. आणि पाणी?"

"पाणी कोक झालंय, बाइके. अगदी कोक."

आता तिकडच्या भाषेत हा कोक शब्द असा आहे की आकाशही कोक आणि कुरणातलं गवतही कोक. शहरातली पोरं निळ्याला कोक म्हणतात, हिरव्याला वेगळा शब्द वापरतात. पण बुरुलचा हेल डोंगरातला होता, थेट सागिनबेकच्या आईचा. आई वसंतात दारात उभी राहून म्हणायची, सगळं कोक झालं, मेंढ्या सोडा. इतक्या वर्षांनी तो हेल कानावर आला आणि म्हातारा विरघळला. त्याला शेवाळाने हिरवं झालेलं पाणी दिसलं. दुसरं काही दिसलंच नाही.

"कोक तर कोक, त्याने मासा मरत नाही," तो म्हणाला. "औषध घातलंस काही?"

"नाही हो, दुकानातलं काही आणलं नाही."

"मग ऐक. दिवा बंद. टाकीवर जाड घोंगडी घाल, अंधारात ते कोक आपोआप जाईल. पाणी बदलू नको, नवं पाणी त्या कोकला खतासारखं. ठिपक्यांसाठी ऊब वाढव. खायला नको. आणि तीन दिवस घोंगडी उचलायची नाही, कितीही जीव तुटला तरी."

"वाचेल ना? माझा पोरगा, एलदियार, रविवारी फोन करतो, फक्त याला बघायला. बापाशी भांडून गेला तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, फोन टाकीकडे धर. तोरो काचेशी येतो, हा तिकडे रशियात हसतो, तेवढंच मला ऐकू येतं."

"वाचेल," सागिनबेक म्हणाला. असं ठामपणे म्हणायची त्याला सवयच होती.

तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक दुकानात आलं आणि म्हणालं, "काका, घशाला लावायचं निळं औषध टाकीत घातलं तर चालतं का? पाणी पार कोक होतं त्याने." सागिनबेकच्या हातातली जाळी तशीच राहिली. त्याने बुरुलला फोन लावला.

"कोक म्हणजे कसलं गं? गवतासारखं की आभाळासारखं?"

"आभाळासारखं. शेजारच्या नर्सने दिलं होतं ना, घशाचं. घरातच होतं. अर्धी बाटली ओतली होती मी. सांगितलं की तुम्हाला, कोक आहे म्हणून."

त्याला सगळं एकदम उमगलं. त्या निळ्याने गाळणीतले चांगले जंतू मेले असणार, मग माशाची घाण पाण्यातच विष होऊन साठली. पाणी बदललं असतं तर धुऊन गेली असती. त्याने ते बदलूच दिलं नव्हतं, वर ऊब वाढवून जहर आणखी जहाल केलं होतं आणि श्वास आणखी कोंडला होता. मासा आ वासत होता तो त्यामुळेच. फोटो एकदा पाहिला असता तर शेंबड्या पोरालाही निळं दिसलं असतं.

"घोंगडी काढ," तो म्हणाला. "आत्ता. अर्धं पाणी काढून टाक, कालचं भरून ठेवलेलं घाल."

पलीकडे घोंगडी सरकल्याचा आवाज आला.

"आडवा पडलाय," बुरुल म्हणाली. "पांढरा झालाय, बाइके. हात लावला तरी हलत नाही."

"चूक माझी आहे, करिंदाश. तू बरोबर सांगितलं होतंस."

हे ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. "उद्या रविवार," ती म्हणाली. "मी उचलला फोन, तर तो म्हणेल टाकीकडे धर. मी काय धरू?"

सागिनबेकची जीभ उभ्या जन्मात पहिल्यांदा लुळी पडली. बुरुलने फोन ठेवला.