म्हैस हिशेबात धरली नाही

गेल्या वर्षी १४ फेब्रुवारीला अक्काने, माझ्या मोठ्या बहिणीने, ३,२४० रुपयांचा कडबा विकत आणला, स्वतःच्या शेतात ज्वारीचा कडबा पडलेला असताना. मीच तिला सांगितलं होतं, नांगरू नकोस, कडबा जमिनीवर पसरून ठेव, ओल टिकेल. ओल टिकलीही. मी माती उकरून दाखवली.

“ओल आहे रे,” अक्का म्हणाली, “पण म्हैस माती खाते का? आणि न नांगरल्याने तण माजलंय, खुरपून पाठ मोडली. एवढा शेतकरी गटाचा हिशेबनीस तू!”

घर तिचं दुधावर चालतं, हे मला ठाऊक होतं.

यंदा तिने निम्माच कडबा शेतात ठेवला आणि त्यात चवळी पेरली. थोडा पाला म्हशीला, बाकी जमिनीला. तेव्हा विकतचा कडबा आणला त्या गाडीच्या भाड्याचे दोनशे रुपये मी देणार होतो. ते अजून दिलेले नाहीत.