भिंत एक, चर दोन

नाणं तिच्या ट्रेंचमध्ये निघालं तेव्हा मी माझ्या ट्रेंचमध्ये गुडघ्यांवर बसून माती खरवडत होते. वरून आरोळी आली, कामावरच्या बाया धावल्या, सरही धावले. मी मात्र उठले नाही. हातातला ब्रश उगाच त्याच त्या दगडावर फिरवत राहिले.

दुसरबीडपासून थोड्या अंतरावर एक पांढरीचं टेकाड आहे. जुनी वस्ती उठून गेली की मागे राहते ती भुरकट, राखाडी माती, तिला आमच्याकडे पांढरी म्हणतात. तिथं आमचं उत्खनन चाललं होतं, आखून खणलेल्या चौकोनी खड्ड्यांत, म्हणजे ट्रेंचमध्ये. ती आणि मी एकाच वर्षी शिकून बाहेर पडलो होतो. ती पुण्याची, मी खामगावची. ती बोलायला लागली की पुस्तक वाचल्यासारखं वाटायचं, आणि मी रागात आले की तोंडून ‘मले’ आणि ‘काऊन’ निसटायचं. मग ती हसायची. वाईट हेतूनं नाही, पण हसायची.

सरांनी टेकाडाचा मधला भाग तिला दिला आणि उताराकडचा मला. दोघींच्या ट्रेंचमध्ये एकच भिंत निघाली होती, तळाला काळ्या दगडाचे थर आणि वर फूटभराहून लांब विटा. आमच्या दोन ट्रेंचच्या मध्ये न खोदता राखलेली मातीची जाड भिंत होती, आणि तिच्या पोटातून ती जुनी भिंत एकीकडून दुसरीकडे जात होती.

तिचं तांब्याचं नाणं पायाच्या दगडांना लागूनच, भिंतीसाठी खणलेल्या चराच्या मातीत मिळालं. बहमनी काळातलं. आता चर बुजवताना त्यात जे पडतं, त्याच्याआधी तो चर बुजलेला असू शकत नाही. म्हणजे इमारत बहमनी काळाच्या आधीची नाही. सर तिला म्हणाले, “छान. तारीखच हाती दिलीस.” दुपारी वार्ताहर आला, त्यानं ट्रेंचमध्ये उभं करून तिचा फोटो काढला. मागच्या बाजूला माझी टोपी दिसते, एवढंच.

मी त्या दिवशी जेवणाच्या डब्यातली ठेचा-भाकरी तशीच परत नेली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या ट्रेंचची उभी बाजू करणीनं तासायला घेतली. नवीन काही सापडावं म्हणून नाही. तिचं चुकलेलं असावं म्हणून. इतक्या काळजीनं मी आयुष्यात दुसरी कुठली माती तासली नसेल. बाजू गुळगुळीत झाल्यावर कामावरच्या एका काकूंना पाण्याचा हलका फवारा मारायला सांगितला, कारण ओली झाली की मातीचे रंग वेगळे होतात.

आणि रंग वेगळे झाले. तळाला पिवळा मुरूम. त्यावर काळी, त्यावर वस्तीची तपकिरी माती. तपकिरी मातीच्या वरच्या कडेपासून एक चर खाली उतरत होता, आणि त्यात भिंतीचा पाया बसवलेला होता. त्या बुजवलेल्या चरावरून चुना-मुरुमाची ठोकलेली जमीन आली होती. सलग, कुठंही न तुटता, थेट भिंतीला जाऊन भिडलेली. त्या जमिनीवर चूल होती, राख होती, आणि तुडवली गेलेली सातवाहन काळातली काळी-तांबडी खापरं होती. त्यावर पडक्या विटांचा ढिगारा.

जमीन चराला झाकून होती. म्हणजे चर जमिनीच्या आधीचा. आणि त्या जमिनीवर माणसं रांधत होती ती बहमनी काळाच्या शेकडो वर्षं आधी. भिंत जुनी होती. फार जुनी.

मला जो आनंद झाला तो शोधाचा नव्हता. तिचा चेहरा कसा उतरेल हे मला आधीच दिसायला लागलं होतं.

मी तिला सरांसमोरच हाक मारली. “ये ना. हे बघ जरा. तुझं नाणं या भिंतीचं नाही.”

ती उतरली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “जमीन तुटलेली नाही.”

“हाव,” मी म्हणाले. “कुठंच नाही.”

“माझ्याकडे भिंतीला लागून जमीनच नाही. मला वाटलं, उरली नसेल.” तिनं सरांकडे पाहिलं. “सर, आमच्या मधली मातीची भिंत काढायची का? हिची जमीन माझ्याकडे येताना कुठं तुटते ते त्यातच दिसेल.”

हे मला सुचायला हवं होतं. तिला सुचलं.

आम्ही दोघींनी मिळून ती मधली माती थराथरानं उतरवली, वरून खाली, शेवटी आलेला थर आधी. माझ्या बाजूची जमीन सरळ चालत आली आणि एका जागी कापल्यासारखी संपली. तिथून दुसरा चर सुरू होत होता. तो पडक्या विटांच्याही वरून खणलेला होता, ढिगारा आणि जुनी जमीन फोडत थेट जुन्या दगडांपर्यंत गेलेला. तिच्या बाजूला भिंत ढासळली होती. नंतरच्या लोकांनी तिथं खणलं, जुना पाया शोधला आणि त्याच्यावर त्याच जुन्या विटांचे तुकडे मातीत बसवून भिंत पुन्हा उचलली. वीट बघून कुणालाही सगळं एकाच वेळचं वाटलं असतं. नाणं या दुसऱ्या चराच्या मातीतलं होतं. ते खोटं नव्हतंच. ते पुनर्बांधणीची तारीख सांगत होतं, बांधणीची नाही.

मी बोलायच्या आत ती सरांकडे वळली. “माझं चुकलं. मी दुसऱ्या चरालाच पहिला समजले. पहिली तारीख हिच्या जमिनीवरून येते.”

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “असं उघड कबूल करायला मोठं मन लागतं.”

बरोबर मी होते आणि मोठं मन तिचं ठरलं! मी करणी खाली टाकली आणि पाणी प्यायला गेले.

परत आले तर ती अजून तिथंच होती, नाक मातीला लावून. “इकडे बघ,” ती म्हणाली. “तू याला नुसता ढिगारा म्हणालीस ना? विटांवर हे बारीक गाळाचे पापुद्रे आहेत. पाणी साचलेलं. आणि गाळावर ही काळसर रेघ, मुळांच्या बारीक नळ्या. इथं गवत उगवलं होतं. दुसरा चर या रेघेच्या वरून खणलाय.”

मी बघितलं. रेघ माझ्याच ट्रेंचच्या बाजूतही होती. मी तिच्यावर फवारा मारून घेतला होता, तिचा फोटो काढला होता, आणि मला ती दिसली नव्हती, कारण मला हवं ते खालीच सापडलं होतं.

म्हणजे इमारत पडली, पाणी आलं, जागा ओस पडून गवत माजलं, आणि मग कितीतरी काळानं कुणी येऊन त्याच पायावर पुन्हा भिंत उभी केली. ती सगळी गोष्ट तिनं बोटभर मातीतून वाचली. माझ्या मातीतून.

“तुले दिसलं कसं?” माझ्या तोंडून गेलं. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, “तू एवढी बाजू साफ केली नसतीस तर नसतं दिसलं.”

चुलीतला कोळसा आम्ही प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं तेव्हा पहिल्या बांधणीचा काळ माझ्या जमिनीनं सांगितला होता तोच निघाला. अहवालात त्या प्रकरणाखाली दोघींची नावं आली, वर्णानुक्रमानं तिचं आधी. सरांनी कारण समजावून सांगितलं. ते खरंही होतं. तरी मी ते पान उघडते तेव्हा नजर आधी त्या क्रमावरच जाते.

पुढच्या हंगामात ती दुसऱ्या जागी गेली, मला टेकाडाचा मधला भाग मिळाला. कामावरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “ती पुण्याची ताई काऊन नाही आली? लई गोड बोलायची.”

मी म्हणाले, “येईल कधीतरी,” आणि त्यांच्या हातात टोपलं दिलं.