चाळीस पानांच्या कराराची एक पानी नोट

आमचे साहेब कोणतीही नोट उभ्याने वाचत. खुर्चीत बसून वाचायला त्यांना कधी वेळच मिळाला नाही. हातात हिरवं पेन असायचं, आणि जिथपर्यंत वाचून झालं तिथे ते बरोबरची खूण करून खाली शेरा मारायचे. खूण शेवटच्या ओळीला असली की नोट पूर्ण वाचली असं समजायचं. मधेच असली तर समजायचं की फोन आला. चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात मी खरेदी विभागात होते, आणि माझ्या नोटांवरची खूण बहुतेक वेळा मधेच असायची. याचा मला राग यायचा. मी एवढं मरमर लिहायचं आणि यांनी अर्ध्यावर सोडायचं!

त्या उन्हाळ्यात चोवीस नव्या मागांच्या देखभालीचा करार आला. पुण्याची एक कंपनी तीन वर्षं मागांची दुरुस्ती बघणार होती. करार चाळीस पानांचा, इंग्रजीत, बारीक अक्षरात. साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर टाकली. "धोका कुठे आहे तेवढं सांगा. मला चाळीस पानं वाचायला लावू नका," म्हणाले आणि चालते झाले.

आमच्याकडे कराराची फाइल आली की तिचे दोन भाग व्हायचे. ही पद्धत कोणी घातली देव जाणे. मूळ करार खरेदी विभागाने वाचायचा आणि मागची परिशिष्टं, म्हणजे सुट्या भागांच्या याद्या वगैरे, काढून देखभाल विभागाला पाठवायची. त्यांच्याकडून 'पाहिले' असा शिक्का मारून ती परत यायची. हे इतकं सवयीचं होतं की मी पिना काढताना विचारही केला नाही. सव्वीस पानं माझ्याकडे राहिली, चौदा पानं तिकडे गेली.

सव्वीस पानं मात्र मी जीव ओतून वाचली. घरी आई म्हणाली, "परीक्षा हाय का तुझी?" होतीच म्हणा. कराराच्या पानांच्या क्रमाने मी तीन पानी नोट लिहिली. मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुन्हा तीन वर्षांसाठी लागू होतो. वाद झाला तर पुण्यातच जावं लागेल. माग बंद राहून उत्पादन बुडालं तर त्याची भरपाई मिळणार नाही. असं एकेक कलम, पान क्रमांकासह. आणि एक दिलासाही लिहिला: नवव्या पानावरच्या कलमाप्रमाणे रोजची किरकोळ दुरुस्ती आपले फिटर करू शकतील. ते वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, कारण आमच्या फिटर मामांची काळजी मला होती.

मामा म्हणजे शेडमधले सर्वांत जुने फिटर. घरात तेलुगू बोलणारे, पिढ्यान् पिढ्या मागावर गेलेल्या घरातले. माग नुसता ऐकून ते कुठला ग्रिपर, म्हणजे धागा पकडून ओढणारा चिमटा, सैल झालाय ते सांगायचे. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती. हे काम गेलं असतं तर या वयात त्यांना दुसऱ्या शेडमध्ये कोणी उभं केलं नसतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

नोट परत आली तेव्हा हिरवी खूण पहिल्या पानाच्या तळाशी होती. खाली शेरा: "या अटी सगळेच घालतात. चालेल. उद्या तीन वाजता सही." मी मनातल्या मनात साहेबांचा उद्धार केला आणि सहीची प्रत तयार करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला तर दारात मामा. हातात परिशिष्टाची पानं. देखभाल विभागाच्या प्रमुखांनी सुट्या भागांचे क्रमांक तपासायला त्यांना दिली होती. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मागाच्या भागांचे क्रमांक त्यांना तोंडपाठ होते.

"ताई, क्रमांक सगळे बरोबर हायेत," मामा म्हणाले. "पण ह्या भागांपुढं ही चांदणी कशाला काढलीया? सगळ्यांपुढं न्हाय. आमी जे उघडतो, तेवढ्यांपुढंच हाय की."

मी यादी पाहिली. ग्रिपर, टेप, कटर, कंट्रोल पेटी. प्रत्येकापुढे चांदणी. चांदणीचा अर्थ शोधत मी पानं उलटत गेले आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तो सापडला. चांदणी असलेले भाग मोहोरबंद समजावेत. ते फक्त कंपनीचा अभियंता उघडेल. दुसऱ्या कोणी उघडले तर त्या मागाची कंपनीवरची जबाबदारी संपेल.

नवव्या पानावर तर आपल्या फिटरांना परवानगी होती! मग मला पाचवं पान आठवलं. तिथे एक कलम होतं: मूळ करार आणि परिशिष्ट यांत विसंगती असल्यास परिशिष्ट ग्राह्य धरावे. मी ते वाचलं होतं. नेहमीचंच म्हणून सोडूनही दिलं होतं. म्हणजे नववं पान नुसतं शोभेचं. माझ्या नोटेतला दिलासा साफ खोटा होता.

एवढ्यावर संपलं नाही. अभियंता अठ्ठेचाळीस तासांत येईल असं कलम होतं, आणि मी ते चांगलं म्हणून नोंदवलं होतं. आता पुन्हा पाहिलं तर तिथे 'कामकाजाचे तास' असं लिहिलेलं, आणि व्याख्यांच्या पानावर कामकाजाचे तास म्हणजे सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा. दिवसाचे आठ तास धरले तर अठ्ठेचाळीस तासांचे सहा दिवस होतात. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर माग बंद पडला तर अभियंत्याला येऊन उभं राहायला एक सोमवार सोडून पुढचा सोमवार संपेपर्यंत मुभा. आमच्याकडे तीन पाळ्या चालायच्या. आणि तोवर मामांनी त्या मागासमोर हात बांधून उभं राहायचं. महिनाभर असं उभं राहिलेला माणूस पगारावर कशाला ठेवायचा, हा प्रश्न वरून आपसूक आला असता.

"काय लिवलंय ताई?" मामांनी विचारलं.

"बघते मामा. साहेबांना विचारून सांगते," मी म्हणाले. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही. ते बरं म्हणून गेले.

साडेबारा वाजले होते. भाकरी तशीच ठेवली. पहिल्यांदा वाटलं, जुन्या नोटेला चौथं पान जोडावं. मग माझाच मला राग आला. जो माणूस पहिल्या पानाच्या पुढे जात नाही त्याला मी चौथं पान देणार? इतके दिवस मी नोट कराराच्या सोयीने लिहीत होते, वाचणाऱ्याच्या सोयीने नाही. कागद घेतला आणि सरळ मराठीत लिहायला बसले. पहिली ओळ: "आज सही करू नये." त्याखाली कारण: "सही केल्यास आपले फिटर माग उघडू शकणार नाहीत, आणि कंपनीचा माणूस सहा कामाच्या दिवसांपर्यंत येणार नाही. पाने ३, ५, ९, ४०." त्याखाली काय बदलून घ्यायचं ते: चांदणी फक्त कंट्रोल पेटीपुढे राहावी, तास घड्याळाचे धरावेत, आणि विसंगती असल्यास मूळ करार ग्राह्य धरावा. आपोआप नूतनीकरण वगैरे बाकीचं दोन ओळींत, 'हेही बोलून बघावे' म्हणून. तळाशी: "माझ्या आधीच्या नोटेत फिटरांबद्दल लिहिले ते चूक आहे." ही ओळ लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

साहेब शेडमध्ये होते. मागांच्या खडखडाटात मी कागद पुढे केला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. हिरवी खूण अगदी तळाला केली, त्या शेवटच्या ओळीपुढे, आणि मला हाताने शेडबाहेर बोलावलं.

"मग आधी उलटं कसं लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"परिशिष्ट वाचलं नव्हतं, सर. ते देखभालीकडे जातं."

"आणि ते वाचतात?"

"शिक्का मारतात."

मला वाटलं, आता बरसणार. पण ते म्हणाले, "मी तरी तुमची तीन पानं कुठे वाचली?" आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

तीन वाजता पुण्याचे दोघे आले. साहेबांनी घडी उलगडून टेबलावर ठेवली आणि पहिलाच प्रश्न चांदणीचा काढला. मी भांडणाची पूर्ण तयारी करून बसले होते. भांडण झालंच नाही. त्यांच्यातले वयाने मोठे होते ते चष्मा पुसत म्हणाले, "हा आमचा ठरलेला मसुदा आहे. कंट्रोल पेटी सोडली तर बाकीचं काढता येईल. अजून कोणी विचारलं नव्हतं." तासांचंही मान्य झालं. मूळ करार ग्राह्य धरायचं मात्र त्यांच्या वकिलांना विचारून मगच मान्य झालं, आणि न्यायालय पुण्याचंच राहिलं. बदललेली पानं चार-पाच दिवसांनी आली. मी ती शेवटच्या पानाच्या तळापासून उलटी वाचत वर गेले. मग सही झाली. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की खिडकीतून येणारी गरम हवासुद्धा बरी वाटली.

मामांना मी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन सांगितलं. बदललेली यादी दाखवली, चांदण्या कुठून गेल्या ते दाखवलं. त्यांना घाबरवायचं नाही म्हणून आधी काय लिहिलं होतं ते गाळूनच सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाले, "म्हायती हाय ताई. जुन्या मिलमधी असंच झालतं. तितंबी अशीच चांदणी होती. आमी बाराजण घरी बसलो."

"म्हणजे चांदणीचा अर्थ तुम्हाला माहीत होता? मग मला विचारलंत कशाला?"

"तुमी करार वाचलाय, आन् तो चुकीचा वाचलाय, असं मी कसं म्हणू?" मामा म्हणाले. "तुमी ऐकलं नसतं. म्हणून इचारलं. इचारल्यावर तुमी वाचणार, एवढं ठावं होतं."

शेजारचा माग थांबला होता. ते त्याच्याकडे वळले आणि त्यांनी ग्रिपर उघडला.