डाग भिजेपर्यंत

आमच्या पडवीत एक बेसिन आहे. तुम्ही म्हणाल, बेसिनचं काय सांगायचं? पण मला त्याचंच सांगायचं आहे.

हरिहरेश्वराला येणारी माणसं आमच्याकडे उतरतात. दोन खोल्या आणि जेवण, एवढाच आमचा पसारा. सुरुवातीला पाहुणे मागीलदारी मोरीवर तोंड धुवायचे. मग आमच्या ह्यांनी मांडव्याकडचा एक जुना बंगला पाडत होते तिथून हे बेसिन आणलं. चांगलं जाड चिनी मातीचं, दोन माणसांनी टेम्पोतून उतरवलं तेव्हा दोघं घामाघूम. पांढरं, पण निळसर झाक असलेलं, पाणी घातलेल्या दुधासारखं. मला एवढा आनंद झाला होता की पहिले चार दिवस मी कुणाला त्यात चूळसुद्धा भरू दिली नाही.

पण आमच्याकडचं पाणी बोअरचं. काढलं की काचेसारखं, आणि घटकाभर बादलीत राहिलं की तांबूस. खाली सगळा जांभा, त्यातलं लोखंड पाण्यात उतरणारच. त्यात नळाचा वायसर झिजलेला. थेंब थेंब गळायचं, आणि जिथून थेंब ओघळायचा तिथे नळापासून जाळीपर्यंत एक तांबडी रेघ. बाकी भांड्याला साबण आणि क्षार धरून पिवळेपणा. दात न घासणाऱ्या माणसाच्या दातांसारखं दिसायचं.

मी आधी करायच्या त्या सगळ्या चुका केल्या. ब्लीचिंग पावडर टाकली, तर रेघ जायची सोडून आणखी गडद झाली, जणू पक्की रंगवली. तारेच्या घासणीने घासलं, तर काळे ओरखडे उठले. संडासाचं ॲसिड आणते, असं ह्यांना ओरडून सांगून निघाले होते तेवढ्यात गडग्याच्या पलीकडून आवाज आला, "धाकटे, चकाकी जाईल गो त्याची! ती गेली की मग रोज डाग धरील."

ही माझी मोठी जाऊ. आमची दोन घरं एका आवारात, मधे जांभ्या दगडाचा गडगा. तो गडगा पूर्वी नव्हता. भावजी आणि आमचे हे, दोघे सख्खे भाऊ, कुंपणालगतच्या जमिनीच्या एका पट्टीवरून बोलेनासे झाले आणि मधे दगड रचले गेले. भावजींनी जाऊबाईंना सांगून ठेवलं, "कामाशिवाय त्या घरात पाय ठेवायचा न्हाय." आमच्या ह्यांनी मला तेच सांगितलं. भाऊच ते, बोलणंही सारखंच.

जाऊबाई मात्र शब्दाला शब्द धरणाऱ्या. कामाशिवाय जायचं नाही म्हणजे काम असेल तर जायचं, एवढा सरळ हिशेब. त्यांच्या परसात बिंबलीचं झाड. अंगठ्याएवढी हिरवी आंबट फळं, खोडालाच घोसाने लागतात. आमटीत घालतो, लोणचं घालतो. त्या दिवशी त्या पदरात बिंबलं घेऊन आल्या, जोरात बोलल्या, म्हणजे भावजींना ऐकू जावं, "बेसिन साफ करून देते तिला, काम हाय!" आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

मग त्यांनी मला शिकवलं. बिंबलं मधे चिरायची, थोडी ठेचायची, आणि रेघेवर नुसती दाबून ठेवायची. फडकं ओलं करून वरून झाकायचं, म्हणजे रस वाळत नाही. बोटाला कुठे कापलेलं असेल तर आधीच बघायचं, नाहीतर ओरडायची पाळी. आणि मग थांबायचं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"अर्धा तास तरी. घाई केलीस तर हाताचं काम वाढतं. आंबटाला त्याचं काम करू दे."

अर्ध्या तासानंतर नारळाच्या काथ्याने हलकेच फिरवलं आणि पाण्याने धुतलं, तर तांबडी रेघ पाटीवरच्या अक्षरासारखी पुसली गेली. पिवळेपणाही बराच उतरला. जाळीजवळ चकाकी आधीच गेलेली, तिथलं थोडं राहिलं ते राहिलंच.

पण मला सांगायचं आहे ते या अर्ध्या तासाचं. डाग भिजत असेपर्यंत आम्ही दोघी पडवीच्या पायरीवर बसायचो. काम चालूच होतं ना, त्यामुळे कुणाची बोलायची हिंमत नाही. पोरांच्या गोष्टी, माहेरच्या गोष्टी, बोर्लीच्या बाजारात कोण कुणाशी भांडलं, सगळं त्या अर्ध्या तासात. भावजी गडग्यापलीकडून खाकरायचे तेव्हा जाऊबाई ओरडायच्या, "अजून भिजतंय!" एकदा मी म्हटलं, "जाऊबाई, आता एक तास झाला." तर म्हणाल्या, "गप ग, जुना डाग हाय."

दर पंधरवड्याला रेघ यायची आणि जाऊबाई यायच्या. बिंबलं नसतील त्या दिवसांत लिंबू, नाहीतर कोकमाचं आगळ. आगळाने बेसिन आधी लालभडक व्हायचं आणि पाहुण्यांना वाटायचं इथे काहीतरी कापलं.

आमचे हे एकदा म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे, वायसर बदलतो." मी म्हटलं, "बदला की, पण आज पाहुणे आहेत." मग उद्या शेतावर जायचं होतं, परवा आणखी काही. असं करत तो वायसर कधी बदललाच नाही. माझी कुणी साक्ष काढली असती तर मी म्हणाले असते, विसरले.

पुढे हे गेले. आता मला अडवणारं या बाजूला कुणी नव्हतं. पण भावजींशी बोलणं तसंच बंद, आणि पलीकडे जायला मला काम नव्हतं. सवय अशी असते बघा. दाराला कडी घातलेली नसली तरी आपण बाहेरच उभे राहतो. जाऊबाई मात्र बिंबलं घेऊन येतच राहिल्या.

मग माझा मुलगा नोकरी सोडून गावाला आला. धंदा वाढवायचा म्हणाला. हुशार आहे, आईवर जीव आहे. त्याने टाकीला लोखंड गाळणारा फिल्टर बसवला, नळ काढून नवा लावला. पाण्याचा थेंब म्हणून गळेना. मी त्याचं कौतुक केलं. दुसरं काय करणार? पाण्याचा तांबूसपणा गेला, पाहुण्यांचे कपडे पांढरे राहू लागले, भातसुद्धा पांढरा होऊ लागला.

जाऊबाई आल्या नेहमीच्या वेळी. टोपली खाली ठेवली, बेसिनवरून हात फिरवला, नळाखाली वाकून पाहिलं.

"गोरं झालं गो," त्या म्हणाल्या.

"बसा ना, चहा टाकते."

"नको. काम न्हाय तर बसून काय करू?"

आणि टोपली तशीच उचलून गेल्या. मी पायरीपर्यंत गेले. हाताला धरून बसवायला हवं होतं. एवढंसं अंतर होतं. पण मला वाटलं, येतील उद्या. त्यांना वाटलं असेल, बोलावील उद्या.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गडग्यावरून दिसायच्या, कपडे वाळत घालताना, झाडाखाली पडलेली बिंबलं वेचताना. "काय जेवलात?" "जेवलो." "पाऊस लागला." "लागला की." एवढंच. पाहुणे माझं बेसिन बघून म्हणायचे, आजी, किती स्वच्छ ठेवता! मी हसायचे.

गेल्या वर्षी भावजींची तब्येत बिघडल्याचं कानावर आलं. पुतण्या पनवेलहून येऊन जाऊन करू लागला. मला काही सुचेना. आणि मग सुचलं ते हे : शेडमध्ये एक गंजका पत्र्याचा डबा होता. तो ओला करून मी बेसिनमध्ये ठेवून दिला. सकाळी उचलला तर खाली तांबडं वर्तुळ, छान उठलेलं. मी गडग्याशी गेले आणि हाक मारली,

"जाऊबाई! डाग आलाय!"

मग पलीकडे झाडाच्या फांद्या हलल्या. बिंबलं काढत होत्या.

त्या आल्या. आता चालताना भिंतीला हात लावत होत्या. बेसिनमध्ये वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"नळ तर कोरडा हाय."

"हो."

"आणि नळाचा डाग लांब असतो. हा गोल हाय. डब्याच्या बुडाएवढा."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. मग आम्ही बिंबलं चिरली, वर्तुळावर मांडली, फडकं घातलं, आणि पायरीवर बसलो.

"तो वायसर तुला बदलता येत नव्हता होय?" त्या म्हणाल्या. "मला काय कळत न्हाय? एकदा मीच नळ घट्ट करून बघितला होता. थेंब थांबला. मग परत ढिला करून ठेवला."

मी उठून फडक्यावर पाणी शिंपडून आले.

"आणि मी तर माझ्याकडेच बेसिन बसवणार होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला बोलवायला काम झालं असतं. पण मोरीवर भागतं, बेसिन कशाला, म्हणाले हे." मग पदराला हात पुसत, "पोरगा घेऊन चाललाय आम्हाला. पनवेलला. ह्यांना वरचेवर दवाखान्यात न्यावं लागतं, इथून झेपत न्हाय. या शनिवारी."

पलीकडून भावजी खाकरले. जाऊबाईंनी ओरडून सांगितलं नाही की अजून भिजतंय. नुसत्या बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

"धाकटे, हा डबा आधी का न्हाय ठेवलास गो?"

मी उठून बेसिनवरचं फडकं उचललं.

डाग ताजा होता, काथ्या लावायच्या आधीच निघाला. तरी आम्ही घासला, दोघींनी, आळीपाळीने.

आता पलीकडच्या घराला कुलूप आहे. बिंबली वाढून गडग्यावरून आमच्या बाजूला झुकली आहे, फळं आमच्या अंगणात पडतात. जाऊबाईंचा फोन येतो. तिकडची बेसिनं पांढरी फटक आहेत म्हणतात, एक डाग नाही, हात लावायला काही नाही. परवा विचारलं, "तुझं कसं हाय?"

"डाग आलाय," मी म्हटलं. बेसिन माझ्यासमोर लख्ख होतं.

"मग बिंबलं लाव. भिजू दे अर्धा तास, घाई करू नको. आणि फोन ठेवू नको."

मी पायरीवर जाऊन बसले.